दुबार खातेदारांची रात्रीची यादी
(प्रस्तावना)

एका नागरी सहकारी बँकेच्या कस्टमर मास्टरमधल्या दोन नोंदी घ्या. पहिली मुख्य शाखेतली, कोअर बँकिंग येण्याआधीच्या लेजरवरून चढवलेली: SHINDE LAXMI DNYANESHWAR, जन्मतारीख 01/06/1956, पॅन नाही, फॉर्म 60 घेतलेला. दुसरी उपनगरातल्या शाखेतली, बऱ्याच वर्षांनी मुदत ठेव ठेवताना उघडलेली: LAKSHMIBAI GYANESHWAR SHINDE, जन्मतारीख तीच, पॅन आहे, पत्ता मात्र वेगळा. मोबाइल दोन्हीकडे एकच. नावे कल्पित आहेत, पण काउंटरवर काम केलेल्या कोणालाही अशी जोडी ओळखीची वाटेल. ही एकच बाई आहे, की एकाच घरातल्या दोघी?

अशा जोड्या रोज रात्री शोधून सकाळी त्यांची यादी शाखेच्या टेबलावर ठेवणारी एक तपासणी, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. ही तपासणी नोंदी जोडत नाही. ‘या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या असाव्यात, कारणे ही’ एवढे लिहून ती थांबते. संगणकाला शोधता येते तर जोडताही येईल, मग माणसाला मध्ये कशाला आणायचे, असे बँकेच्या संचालक मंडळाच्या बैठकीत कोणीतरी विचारतेच. पुस्तकाचा बराचसा भाग त्याच प्रश्नाचे उत्तर आहे.

आधी दुबार नोंदीने बिघडते काय ते पाहू. व्याजावरची टीडीएस कपात खातेदारनिहाय एकूण व्याजावर ठरते. ठेवी दोन कस्टमर आयडींखाली असल्या की दोन्हीकडचे व्याज मर्यादेखाली राहू शकते आणि मग कपात होतच नाही. ठेव विम्याचे प्रकरण याहून नाजूक आहे. 4 फेब्रुवारी 2020 पासून प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि एकाच नात्याने, एकाच हक्काने ठेवलेल्या सगळ्या शाखांतल्या ठेवी त्यासाठी एकत्र धरल्या जातात. 2021 च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले की 45 दिवसांत दाव्यांची यादी ठेव विमा महामंडळाकडे द्यावी लागते आणि 90 दिवसांत ठेवीदारांना पैसे मिळायचे असतात. दुबार नोंदी निस्तरायला ही वेळ फार वाईट, कारण तेव्हा शाखेत गर्दी असते, कर्मचारी हादरलेले असतात आणि प्रत्येक चुकलेल्या ओळीमागे कोणाच्या तरी आयुष्याची पुंजी असते. रिझर्व्ह बँकेने प्रत्येक ग्राहकाला एकच ओळख क्रमांक, म्हणजे यूसीआयसी, द्यायला सांगितले त्याला आता बरीच वर्षे झाली. पण जुन्या नोंदींवर क्रमांक चढवताना एकाच माणसाला दोन यूसीआयसी गेले, तर कागदावर नियम पाळला जातो आणि हेतू बुडतो.

वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी एकाच माणसाच्या आहेत का, हा प्रश्न बँकांआधी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात पडला. अमेरिकेच्या जन्ममृत्यू नोंदणीचे काम पाहणाऱ्या हॅल्बर्ट डन यांनी 1946 मध्ये कल्पना मांडली की जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या सगळ्या नोंदी एकत्र बांधल्या तर प्रत्येकाच्या आयुष्याचे एक पुस्तक होईल. पुढे कॅनडात हॉवर्ड न्यूकोम्ब किरणोत्साराचे आनुवंशिक परिणाम अभ्यासत होते. त्यासाठी त्यांना ब्रिटिश कोलंबियातल्या लग्नाच्या नोंदी मुलांच्या जन्मनोंदींशी जुळवायच्या होत्या. 1959 मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम संगणकावर कसे केले ते प्रसिद्ध केले. त्यातले निरीक्षण आजही पायाचे आहे: दुर्मीळ आडनाव जुळले तर तो मोठा पुरावा, सर्रास आढळणारे जुळले तर किरकोळ. 1969 मध्ये इव्हान फेलेगी आणि अ‍ॅलन संटर यांनी याला गणिती रूप दिले. त्यांच्या मांडणीत निर्णय तीन आहेत: जोडी पक्की, जोडी नाही, आणि मधला पट्टा, जो कारकुनाने कागद पाहून ठरवायचा. या मधल्या पट्ट्याकडे पुढच्या बऱ्याच सॉफ्टवेअरवाल्यांनी तात्पुरती अडचण म्हणून पाहिले. पण मूळ सिद्धांतात तो अडचण नव्हता, निर्णयाचाच एक प्रकार होता. आपली रात्रीची यादी म्हणजे तोच पट्टा, छापून हातात दिलेला.

त्यानंतर वाटा फुटल्या. एक वाट पक्क्या खुणांची: पॅन जुळला तर एक, नाही तर दोन. समजायला सोपी, ऑडिटरला आवडणारी, पण खूण कोरी असली की आंधळी. दुसरी फेलेगी-संटरच्या गुणांची. अमेरिकेच्या जनगणना खात्यात मॅथ्यू जॅरो आणि विल्यम विंकलर यांनी ती पुढे नेली आणि ब्रिटनच्या न्याय मंत्रालयाने मुक्त केलेले स्प्लिंक हे साधन आज त्याच वाटेवर चालते. तिसरी वाट व्यापारातली. टपालाने जाहिराती पाठवणाऱ्यांच्या याद्यांतली पुनरुक्ती काढण्यासाठी 1995 च्या सुमारास हर्नांडेझ आणि स्टोल्फो यांनी यादी क्रमाने लावून फक्त शेजारशेजारच्या नोंदी ताडण्याची युक्ती मांडली. तिथे चूक झाली तर एका घरी पत्रक जात नाही, एवढेच. त्यामुळे आपोआप जोडण्याची सवयही बहुधा तिकडूनच आली असावी. यंत्राला उदाहरणे देऊन शिकवण्याची वाट अलीकडची. बोटांचे ठसे आणि बुबुळे ताडणारी आधारची वाट अगदीच वेगळी, आणि कस्टमर मास्टरच्या कामात ती हाताशी नसते.

परदेशी साधने इथे आणली की पहिली ठेच नावांना लागते. साउंडेक्स ही उच्चारावरून सांकेतांक काढणारी पद्धत रॉबर्ट रसेल यांच्या 1918 च्या पेटंटमधून आली. Laxmi आणि Lakshmi या दोन्हींना ती L250 देते आणि Vitthal, Vithal, Vittal या तिघांना V340. छान. पण पहिले अक्षर ती तसेच ठेवते, त्यामुळे Dnyaneshwar चा D552 होतो आणि Gyaneshwar चा G526. Wani आणि Vani यांचीही तीच गत. शिवाय आपल्याकडे आडनाव कधी आधी, कधी शेवटी. मधले नाव वडिलांचे किंवा नवऱ्याचे. लग्नानंतर तिन्हीपैकी दोन, कधी तिन्ही बदललेली. आणि राव, बाई, ताई, साहेब हे प्रत्यय फॉर्म भरणाऱ्याच्या मर्जीवर. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या रीतीमुळे ‘सुरेश रमेश’ आणि ‘रमेश सुरेश’ हे दोघे एकाच घरात नांदतात. शब्दांचा क्रम सोडून देणारी पद्धत त्यांना एकच समजते.

जन्मतारखेचे तर आपल्याकडे खास प्रकरण आहे. शाळेत नाव घालताना जन्माचा दाखला नसला की गुरुजी 1 जून लिहीत. त्यामुळे साठीपुढच्या खातेदारांत 1 जूनला जन्मलेल्यांची झुंबड असते. न्यूकोम्ब यांचे निरीक्षण इथे सरळ लागू होते. एरवी पन्नास वर्षांच्या पट्ट्यात कोणत्याही दोन अनोळखी माणसांची पूर्ण जन्मतारीख योगायोगाने जुळण्याची शक्यता साधारण 18,000 त एक. खऱ्या जोडीत ती शंभरात 95 वेळा जुळते असे धरले, तर जुळणीचा पुरावा सुमारे 17,000 पट होतो. असे पट दोनच्या घातांकात मोजतात, म्हणजे एक गुण वाढला की पुरावा दुप्पट. या जुळणीला साधारण 14 गुण पडतात. आता समजा ज्येष्ठ खातेदारांपैकी पाच टक्क्यांची तारीख 1 जून आहे. मग 01/06/1956 योगायोगाने जुळण्याची शक्यता हजारात एक होते आणि गुण 14 वरून 10 वर येतात. चार गुण कमी म्हणजे पुरावा सोळापट पातळ. ही दुरुस्ती न करणारी तपासणी गावाकडच्या शाखांत निरर्थक जोड्यांचा ढीग लावते, आणि तिसऱ्या आठवड्यात शाखाधिकारी यादी उघडायची सोडून देतो.

आता सुरुवातीची जोडी तपासू. पोस्टग्रेस या डेटाबेसचे pg_trgm हे जोडसाधन नावाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडते आणि दोन नावांतले सामाईक तुकडे एकूण वेगवेगळ्या तुकड्यांच्या किती प्रमाणात आहेत ते सांगते. ते प्रत्येक शब्दाचे तुकडे वेगळे पाडते, म्हणून आडनाव आधी की नंतर याने फरक पडत नाही. शिंदे नोंदींच्या नावांत 37 वेगळ्या तुकड्यांपैकी 17 सामाईक निघतात, म्हणजे 0.46. शेजारी दुसरी जोडी ठेवा: PATIL SUNIL BHIMRAO आणि PATIL SUSHIL BHIMRAO. 23 पैकी 16, म्हणजे 0.70. जन्मतारीख एक, पत्ता एक, मोबाइल वडिलांचा, तोही एकच. कागदावर ही जोडी शिंदे जोडीपेक्षा कितीतरी भक्कम दिसते. आणि ते आहेत जुळे भाऊ.

शिंदे जोडीचा निकाल उलट लागतो. नाव ताडण्याआधी ते सारखे करून घेतले, म्हणजे LAKSH चे LAX, GYAN चे DNYAN, नावामागचा BAI काढून टाकलेला, की शब्दांचा क्रम सोडता दोन्ही नावे तंतोतंत एक होतात. तरी तेवढ्यावर निकाल देता येत नाही, कारण तारीख 1 जूनची आहे आणि मोबाइल मुलाचा. म्हणून जोडी यादीत जाते. शाखाधिकारी नमुना सह्यांचे कार्ड काढतो, फोटो पाहतो, दोन्ही खात्यांवरचा वारसदार तोच मुलगा आहे हे त्याच्या लक्षात येते आणि फेरकेवायसीच्या निमित्ताने बाईंना बोलावतो. त्या दोन्ही पासबुके घेऊन येतात. पाटील जोडीत त्याला दोन मिनिटे लागतात: दोन वेगळे पॅन, दोन वेगळे फोटो. गुणांची रेघ कुठेही ओढली तरी नुसत्या स्पेलिंगवर या दोन्ही जोड्या एकदम बरोबर बाजूला पडत नाहीत. 0.46 वर रेघ ओढली तर जुळे भाऊ एक होतात, 0.70 च्या वर ओढली तर शिंदे बाई कायम दोन राहतात.

आपोआप जोडणाऱ्या प्रणालीने पाटील बंधू जोडले तर काय होते? एका भावाचे सोने तारण कर्ज दुसऱ्याच्या नावावर दिसू लागते. एक जण कोणाला जामीन असेल तर दुसराही जामीनदार ठरतो. क्रेडिट ब्युरोला त्या महिन्याचा अहवाल तसाच जातो. एकाच्या खात्यावर जप्तीचा आदेश असेल तर दुसऱ्याचा पगार अडकतो. भागधारक म्हणून दोघांची दोन मते होती, ती एक होतात. हे लक्षात येईपर्यंत जोडलेल्या आयडीवर नवे व्यवहार, व्याज, टीडीएस, सगळे चढलेले असते. मग कोणती ओळ कोणाची हे सांगणारी माहितीच उरत नाही, कारण जुना आयडी खोडलेला असतो. दुबार नोंद राहिली तर ती उद्याही सापडेल. चुकीची जोडलेली नोंद मात्र कोणतीही तपासणी शोधू शकत नाही, कारण तिला ताडायला दुसरी नोंदच नसते. गुणांची रेघ कुठे ओढायची याचा वाद घालण्याआधी ही विषमता डोक्यात पक्की हवी.

दिसायला दुबार, पण मुद्दाम ठेवलेल्या नोंदीही असतात. एकल मालकीच्या दुकानाचा पॅन आणि मालकाचा पॅन एकच असतो. अज्ञानाच्या खात्यावर पालकाचा पॅन आणि मोबाइल टाकलेला असतो. अविभक्त कुटुंबाचा पॅन वेगळा असतो आणि त्याचे चौथे अक्षर H असते, व्यक्तीचे P. पण नाव कर्त्याचेच दिसते. उलट, एकाच माणसाकडे दोन पॅन निघाले तर ती बँकेची चूक नसते, पण कायद्याने ते चालत नाही आणि त्याला 10,000 रुपये दंड आहे. म्हणून ‘पॅन वेगळे, बाकी सगळे एक’ अशा जोड्या फेकून न देता यादीच्या वेगळ्या भागात दाखवाव्यात, असे पुस्तक सुचवते. मला ते पटते.

कामाच्या आकाराबद्दल थोडे सांगायला हवे, कारण नवखा माणूस इथेच अडकतो. दोन लाख खातेदारांची प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ घालायची तर सुमारे 2,000 कोटी जोड्या होतात. सेकंदाला दहा लाख जोड्या तपासल्या तरी साडेपाच तास जातात, आणि डे-एंड संपल्यापासून शाखा उघडेपर्यंत सर्व्हरला बॅकअपसकट बरेच काही उरकायचे असते. म्हणून दोन युक्त्या. रोज रात्री फक्त त्या दिवशी उघडलेल्या किंवा बदललेल्या नोंदी जुन्या साठ्याशी ताडायच्या. दीडशे नोंदी असल्या तर जोड्या तीन कोटी, म्हणजे अर्ध्या मिनिटाचे काम. आणि महिन्यातून एकदा पूर्ण साठा गटागटाने ताडायचा: एकदा जन्मतारखेचे गट, एकदा मोबाइलचे, एकदा नावाच्या सांकेतांकाचे. एकाच प्रकारच्या गटांवर विसंबले तर जन्मतारीख चुकीची चढलेली नोंद आपल्या जोडीदाराला कधीच भेटत नाही. ‘बदललेल्या’ हा शब्द वरती सहज आला, पण तो विसरला जातो. नाव किंवा पॅन दुरुस्त झाल्यावरच पुष्कळ जोड्या उघड होतात.

जन्मतारखेच्या फेरीचा गाभा एवढाच असतो:

```sql
SELECT a.cust_id, b.cust_id,
       similarity(a.name_key, b.name_key) AS name_sim
FROM customer a
JOIN customer b
  ON a.birth_date = b.birth_date
 AND a.cust_id < b.cust_id
LEFT JOIN dup_decision d
  ON d.id_low = a.cust_id AND d.id_high = b.cust_id
WHERE d.id_low IS NULL
  AND similarity(a.name_key, b.name_key) >= 0.5;
```

`name_key` म्हणजे सारखे करून घेतलेले नाव. `<` या खुणेमुळे प्रत्येक जोडी एकदाच येते. `dup_decision` या तक्त्यात माणसांनी दिलेले निकाल असतात, आणि निकाल लागलेली जोडी पुन्हा यादीत येत नाही. हा तक्ता नसेल तर पाटील बंधू रोज सकाळी नव्याने हजर होतात. मात्र ‘वेगळे’ हा निकाल कायमचा धरायचा नाही. निकाल देताना दोन्ही नोंदींत जे लिहिले होते त्याचा ठसा सोबत ठेवायचा आणि नोंद बदलली की जोडी पुन्हा विचाराला घ्यायची. दुसरी गोष्ट, ही क्वेरी ज्या लॉगिनने चालते त्याला खातेदारांच्या तक्त्यावर फक्त वाचण्याचा अधिकार हवा. ‘आम्ही जोडत नाही’ हे धोरणाच्या कागदावर असण्यापेक्षा परवानगीतच असलेले बरे. चार वर्षांनी नवा माणूस येतो आणि उत्साहाच्या भरात शेवटी एक `UPDATE` लिहून जातो.

तपासणी बिघडली हे कळणे तिच्या यशापेक्षा अवघड असते. रिकामी यादी म्हणजे दुबार नोंदी नाहीत, की रात्री क्वेरीच चालली नाही? म्हणून यादीच्या माथ्यावर किती नोंदी वाचल्या, कोणत्या वेळेपर्यंतच्या वाचल्या आणि किती जोड्या ताडल्या हे छापलेच पाहिजे. आकडा शून्य असला तरी ईमेल जायलाच हवी. एका शाखेच्या जोड्या अचानक वाढल्या तर तिथे बहुधा नवा कर्मचारी नाव शोधून न पाहता थेट नवा आयडी उघडत असतो. तिथे यादी साफ करून उपयोग नाही, काउंटरवरची सवय बदलावी लागते. जन्मतारखेत 01/01/1900 असलेल्या नोंदी एकमेकींशी जुळू लागल्या, तर तो जुन्या स्थलांतरात भरलेला कोरा रकाना असतो. आणि पहिल्या रात्री हजारो जोड्या निघतातच. त्या रोजच्या यादीत मिसळू नयेत. तो साठा वेगळा ठेवून मोठ्या ठेवी, कर्जे आणि जामीन असलेल्या जोड्यांपासून उपसायचा.

आजच हे पुस्तक हाती यावे याला कारणे आहेत. छोट्या सहकारी बँका मोठ्यांत विलीन होतात तेव्हा एका रात्रीत दोन कस्टमर मास्टर एकत्र येतात आणि दोन्हीकडे खाते असलेला प्रत्येक माणूस दुबार होतो. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने, ज्या माहितीवरून माणसाबद्दल निर्णय घ्यायचा ती पूर्ण, अचूक आणि सुसंगत ठेवण्याची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे. चुकीची जोडलेली नोंद या तिन्ही कसोट्यांवर नापास होते. बँकांबाहेरही हा विचार दिसू लागला आहे. 2025 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदार याद्यांत संभाव्य दुबार नावे परस्पर वगळली नाहीत. त्यांच्यापुढे दोन तारे छापले आणि कोणत्या केंद्रावर मतदान करणार हे मतदारालाच विचारायचे ठरवले.

पुस्तक एकाच तपासणीभोवती फिरते: ती कशी बांधली, रोज कशी चालवली, यादी कोणी वाचायची, आणि ‘एकच’ असा निकाल लागल्यावर नोंदी जोडण्याचे काम कोणत्या सहीने, कोणत्या क्रमाने करायचे. त्या शेवटच्या कामासाठी लेखक दोन सह्या मागतात आणि जुना आयडी न खोडता नव्याकडे बोट दाखवणारा ठेवतात. कंपन्या, भागीदारी संस्था आणि ट्रस्ट यांच्या नोंदी पुस्तकाने बाजूला ठेवल्या आहेत, कारण तिथले नियम निराळे. देवनागरीत चढवलेली नावे रोमन नावांशी ताडण्याचा प्रश्न त्यांनी मांडला आहे, सोडवलेला नाही. गुणांचे गणित ज्यांना जड वाटेल त्यांनी ते ओलांडून थेट यादीच्या नमुन्याकडे जावे. शाखेत बसून ती वाचणाऱ्याला काय दिसते ते आधी पाहिले की मागचे गणित आपोआप सोपे जाते.